एमजीएफने सीएलटी सिद्ध केली, गुण दहापैकी सहा. चुकलं कुठे?

पाऊसवेडी

नमस्कार मंडळी. एमएस्सी सांख्यिकीचं पहिलं वर्ष. परवा अंतर्गत परीक्षेचे पेपर दाखवले. दहा गुणांचा प्रश्न होता, परिबल जनक फलन वापरून मध्यवर्ती सीमा प्रमेय सिद्ध करा. ही सिद्धता मला झोपेतही येते असा माझा समज होता. मिळाले सहा. मॅडमनी दोन ठिकाणी लाल गोल करून शेजारी नुसतं "का?" लिहिलंय. विचारायला गेले तर म्हणाल्या, "घरी जाऊन विचार कर." दोन दिवस करतेय.

मी लिहिलं ते असं. X₁, X₂, … Xₙ स्वतंत्र, सगळ्यांचं वितरण एकच, मध्य μ, प्रमाण विचलन σ. प्रत्येकातून μ वजा करून σ ने भागलं, त्याला Z म्हटलं. मग

```
Sn = (Z1 + Z2 + ... + Zn) / √n

M_Sn(t) = [ M_Z(t/√n) ]^n

M_Z(t/√n) = 1 + 0 + t²/(2n) + (t³/n^1.5 वगैरे पदं)
```

दुसरी ओळ स्वातंत्र्यामुळे. तिसरीत शून्य आलं कारण Z चा मध्य 0, आणि t²/2n आलं कारण प्रचरण 1. पुढे मी लिहिलं: "n मोठा असल्यामुळे पुढची पदे नगण्य आहेत, म्हणून सोडून दिली." मग (1 + t²/2n)ⁿ → e^(t²/2). शेवटचं वाक्य: "ही प्रसामान्य वितरणाची एमजीएफ आहे, म्हणून Sₙ प्रसामान्य आहे."

पहिला लाल गोल "नगण्य" वर. दुसरा शेवटच्या "म्हणून" वर. आमच्या नोट्समध्येही अगदी असंच आहे हो!

---

खमंग_काकडी

धाग्याचं नाव वाचून सीएलटी म्हणजे नवीन आयकर फॉर्म वाटला. आलोच आहे तर बसतो कोपऱ्यात.

---

आठ_बाराची_लोकल

सोपं आहे. तू n ≥ 30 लिहिलं नाहीस. "n मोठा" म्हणजे किती मोठा, हेच मॅडम विचारतायत. मी बारा वर्षं डेटाच्या कामात आहे. तीसच्या वर गेलं की नॉर्मल धरायचं, आजवर कुणी हटकलेलं नाही. चार गुण तिथेच गेले असणार.

---

पाऊसवेडी

दादा, पण तीस सिद्धतेत कुठून येणार? t²/2n मध्ये तीस घालून काय होईल?

---

निवृत्त_मास्तर

पोरी, तुझ्या मॅडम चांगल्या दिसतात. मी पेपर तपासत होतो तेव्हा त्याच दोन जागी थांबायचो, फक्त माझा गोल हिरवा असायचा.

तीसचा इथे काही संबंध नाही. सिद्धतेत n अनंताकडे जातो, तीसवर उतरत नाही.

आता पहिला गोल. तू म्हणतेस पुढची पदं लहान आहेत म्हणून सोडली. बरं. n मोठा झाला की t²/2n सुद्धा लहानच होतं ना? मग तेही सोड. उरलं 1, आणि 1 चा n वा घात 1. म्हणजे प्रत्येक t ला एमजीएफ 1 निघाली, Sₙ शून्यावर जाऊन बसला, आणि प्रमेय खोटं ठरलं. तुझ्याच तर्काने. एक लहान पद ठेवायचं आणि दुसरं लहान पद टाकायचं, हा निवाडा तू कशाच्या जोरावर केलास? मॅडमचा "का?" हा आहे.

कंसातलं पद लहान आहे का, हे बघायचंच नाही. कंसावर n वा घात बसला आहे, म्हणजे ती चूक ढोबळमानाने n वेळा साठत जाणार. तेव्हा विचारायचं ते हे, की n ने गुणल्यावर काय उरतं. t²/2n ला n ने गुणलं तर t²/2 उरतं, ते n वर अवलंबूनच नाही. t³/n^1.5 ला n ने गुणलं तर t³/√n उरतं, ते शून्याकडे जातं. म्हणून पहिलं राहतं आणि दुसरं जातं.

बसमध्ये एका प्रवाशामागे दहा पैशांची चूक झाली तर कंडक्टरला चालेल का, हे एका तिकिटावरून ठरत नाही. रात्री डेपोत हिशेब देताना ठरतं.

---

पाऊसवेडी

सर!! दोन दिवसांचा गुंता सुटला. म्हणजे उत्तरात असं लिहायचं, की n·aₙ → a असेल तर (1 + aₙ)ⁿ → e^a, आणि इथे aₙ म्हणजे t²/2n आणि उरलेलं सगळं मिळून?

---

निवृत्त_मास्तर

तेच. आणि उरलेल्याला हात न लावताही जमतं. मला आवडणारी वाट सांगतो. दोन्ही बाजूंचा लॉग घे आणि L(s) = log M_Z(s) म्हण. आता L(0) = 0, L′(0) = 0 आणि L″(0) = 1, कारण पहिला मध्य आहे आणि दुसरं प्रचरण. मग s = t/√n ठेवून

```
n · L(t/√n) = t² · L(s)/s²
```

n अनंताकडे गेला की s शून्याकडे जातो. L(s)/s² वर लोपितालचा नियम दोनदा लावला की ½ मिळतो. संपलं. "नगण्य" हा शब्द आलाच नाही. शिवाय √n नेच का भागायचं, तेही इथे उघडं पडतं. बाहेर n आहे आणि L शून्यापाशी s² सारखा वागतो, तेव्हा s² मध्ये नेमका 1/n यायला हवा. √n ऐवजी n ने भागलंस तर सगळं शून्यावर कोसळतं, तो झाला मोठ्या संख्यांचा नियम. भागलंच नाहीस तर उधळतं.

---

एप्सिलॉनराव

मास्तर, एक बारीक खोट काढतो, राग मानू नका. लोपिताल दोनदा लावण्यासाठी L शून्याच्या आसपास दोनदा विकलनीय हवा. ते M_Z शून्याच्या दोन्ही बाजूंना थोड्या अंतरापर्यंत सांत असेल तरच मिळतं. धाग्यातल्या सिद्धतेत हे गृहीतक कुठेच लिहिलेलं नाही. नुसतं μ आणि σ दिले म्हणजे एमजीएफ असेलच असं नाही. माझ्या मते मॅडमनी तिसरा गोल करायला हवा होता.

---

निवृत्त_मास्तर

राग कसला. बरोबर आहे. पहिल्याच ओळीत लिहायला हवं. प्रश्नातच "एमजीएफ वापरून" म्हटलंय म्हणून मॅडमनी सोडलं असेल.

---

गोठ्यातला_माणूस

गणित फार कळत नाही, पण प्रमेय खोटं असल्याचा पुरावा माझ्याकडे आहे. आमच्या गावच्या दूध संकलन केंद्राचं काम मी बघतो. सकाळच्या पाळीला चारशेच्या आसपास शेतकरी येतात. बहुतेकांचं चार-पाच लिटर, पण ज्यांचा मोठा गोठा आहे ते साठ-सत्तर लिटर घालतात. भाच्याने वर्षभराच्या सगळ्या नोंदी घेऊन आलेख काढला. म्हणजे दीड लाखाच्या घरात नोंदी. डावीकडे उंच ढिगारा आणि उजवीकडे लांब शेपूट. घंटा कुठाय? n तर भरपूर मोठा झाला की.

---

आठ_बाराची_लोकल

आउटलायर काढा आधी. मोठे गोठेवाले उडवा, मग येईल घंटा.

---

गोठ्यातला_माणूस

त्यांना उडवलं तर केंद्रच बंद पडेल राव.

---

निवृत्त_मास्तर

त्यांना अजिबात उडवू नका, ते खरे आहेत.

प्रमेय नोंदींबद्दल बोलतच नाही, बेरजेबद्दल बोलतं. एकेका शेतकऱ्याच्या दुधाचं वितरण जसं आहे तसंच राहणार. नोंदी जितक्या जास्त, तितका तो ढिगारा आणि ती शेपूट जास्त स्वच्छ दिसेल. घंटा बघायची असेल तर असं करा. चारशे जणांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून पन्नास जण काढा, एकदा काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकत जा, आणि त्या पन्नासांची सरासरी मांडा. असं हजार वेळा करा. चिठ्ठ्यांचं काम भाचा संगणकावर करेल. त्या हजार सरासऱ्यांचा आलेख बघा.

---

विम्याची_ताई

मला यात पडायचं नव्हतं, पण एप्सिलॉनरावांनी "एमजीएफ असेलच असं नाही" म्हटलं आणि राहवलं नाही. मी विमा क्षेत्रात आहे. दाव्यांच्या रकमा आम्ही सर्रास लॉगनॉर्मल धरतो. लॉगनॉर्मलला एमजीएफ नसते हे मला पक्कं आठवतंय. मग सीएलटी आमच्या दाव्यांना लागूच नाही का? आमच्याकडे एक ज्येष्ठ सहकारी ठामपणे म्हणतात, "एमजीएफ नाही तर सीएलटी नाही." बैठकीत सगळे माना डोलावतात.

---

एप्सिलॉनराव

सहकारी अर्धे बरोबर आहेत. एमजीएफ नसेल तर ही सिद्धता चालत नाही. प्रमेय मात्र चालतं.

लॉगनॉर्मल म्हणजे Y = e^X, आणि X प्रमाणित नॉर्मल घेऊ. त्याची सगळी परिबलं आहेत, k वं परिबल e^(k²/2). सगळी सांत. पण एमजीएफसाठी या परिबलांना t^k/k! ने गुणून बेरीज करायची. k!ची वाढ e^(k²/2) पुढे काहीच नाही, त्यामुळे t धन घेतलात की बेरीज अनंत होते, मग t कितीही चिमुकला असो. शून्याच्या उजवीकडे पाऊल टाकायलाच जागा नाही, टेलर विस्तार करणार कुठे?

तरी प्रचरण सांत आहे, आणि स्वतंत्र, एकाच वितरणाच्या चलांच्या सीएलटीला तेवढं पुरतं. तिथे एमजीएफच्या जागी कॅरॅक्टरिस्टिक फंक्शन घ्यायचं, म्हणजे e^(tX) ऐवजी e^(itX). त्याचं परिमाण कायम 1, त्यामुळे सरासरी अनंत होण्याचा प्रश्नच येत नाही. पुढची सिद्धता ओळीला ओळ तीच, फक्त 1 + t²/2n च्या जागी 1 − t²/2n येतं आणि सीमा e^(−t²/2). ल्यापुनोव्हने १९०१ मध्ये हीच वाट धरली होती.

सीएलटी खरोखर मोडलेली बघायची असेल तर कॉशी वितरण घ्या. तिथे मध्यच नाही. n जणांची सरासरी घेतलीत तरी वितरण पहिल्या एका निरीक्षणाचं होतं तेच.

---

विम्याची_ताई

म्हणजे पन्नास दाव्यांची सरासरी मी निर्धास्तपणे नॉर्मल धरू?

---

निवृत्त_मास्तर

निर्धास्तपणे नको. ताई, इथेच सिद्धतेतलं ते "सोडून दिलेलं" t³ चं पद कामाला येतं. ते शून्याकडे जातं हे खरं, पण किती सावकाश, ते बघा.

आकडे घालून दाखवतो. हाताने होणारं उदाहरण घेऊ, घातांकी वितरण, मध्य 1. प्रचरणही 1, म्हणून Z = X − 1. त्याची एमजीएफ e^(−s)/(1−s), आणि s एकपेक्षा लहान हवा. लॉग घेतला की

```
L(s) = s²/2 + s³/3 + s⁴/4 + ...

n·L(t/√n) = t²/2 + t³/(3√n) + t⁴/(4n) + ...
```

पहिलं पद नॉर्मलचं. दुसरं विषमतेचं, ते 1/√n च्या वेगाने मरतं. t = 1 घेऊ. सीमा e^0.5, म्हणजे 1.6487. आता n = 4 ला M_Sn(1) येतं 2.165. n = 9 ला 1.914. n = 100 ला 1.709. शंभर पदं मिळवूनही दुसऱ्या दशांशात बोंब! n = 1 ला तर t = 1 चालतच नाही, किंमत अनंत. पण तुम्ही धरलेल्या t साठी n हा t² च्या पुढे गेला की सगळं सांत होतं, आणि सीमेला तेवढं पुरतं.

आता नाणं घ्या. छापा +1, काटा −1. एमजीएफ cosh s. विषमता शून्य, म्हणून t³ चं पदच नाही. n = 4 लाच (cosh 0.5)⁴ = 1.617. फक्त चार नाणी, आणि शंभर घातांकी चलांपेक्षा जवळ! डी म्वाव्रला १७३३ मध्ये नाण्यांवरच हे पहिल्यांदा दिसलं यात मला नवल वाटत नाही. अर्थात त्याच्याकडे एमजीएफ नव्हती, त्याने क्रमगुणितांचा अंदाज बांधून केलं.

---

आठ_बाराची_लोकल

तरीपण प्रॅक्टिकली तीस पुरतात. १.७ काय आणि १.६५ काय. मला एमजीएफची किंमत नको असते, मला शेपटीतली शक्यता हवी असते.

---

निवृत्त_मास्तर

मग शेपटीच बघा. घातांकी, n = 30. नॉर्मल म्हणतं Sₙ दोनच्या वर जाण्याची शक्यता 2.3 टक्के आणि उणे दोनच्या खाली जाण्याचीही 2.3 टक्के. प्रत्यक्षात वर जायची शक्यता सुमारे 3.2 टक्के, खाली जायची सुमारे 1.2. दोन्ही मिळवून चूक दिसत नाही, कारण एकीकडचं कमी दुसरीकडे भरून निघतं. एकाच बाजूची शेपटी हवी असेल तर मात्र दणका बसतो. आणि विम्यात एकच बाजू हवी असते.

---

विम्याची_ताई

आमचं नेमकं तेच. जास्तीचे दावे. कमी आले तर कोणी बैठक बोलावत नाही.

---

एप्सिलॉनराव

ताई, आणि तुमचं लॉगनॉर्मल घातांकीपेक्षा खूपच वाकडं आहे. घातांकीची विषमता 2. मी वर घेतलेल्या प्रमाणित लॉगनॉर्मलची 6.18. बेरजेची विषमता √n ने भागली जाते, म्हणजे घातांकीला 30 पदांत जेवढी सरळाई येते तेवढी यायला इथे साधारण 287 पदं लागतील. तुमच्या दाव्यांचा पसारा आणखी मोठा असेल तर आणखी जास्त. हे फक्त विषमतेच्या पदावरून बांधलेलं गणित आहे, हमी नव्हे.

---

आठ_बाराची_लोकल

बरं बाबा. तीसवाल्यांचा आज वाईट दिवस आहे. पण मास्तरांचे आकडे मी पायथॉनवर तपासले.

```python
import math
for n in (4, 9, 100, 10000, 1000000):
    r = math.sqrt(n)
    print(n, math.exp(-r) * (1 - 1/r)**(-n))
```

पहिले तीन बरोबर. 10000 ला 1.6543. दहा लाखाला `OverflowError`. म्हणजे n फार मोठा केला की प्रमेय फुटतं, हे पण लिहून ठेवा.

---

एप्सिलॉनराव

प्रमेय नाही फुटत, गुणाकार फुटतो. दहा लाखाला पहिला अवयव e^(−1000), तो संगणकाच्या लेखी शून्य. दुसरा e^1000 च्या आसपास, तो मावतच नाही. राक्षस आणि मुंगी यांचा गुणाकार 1.65 यायला हवा होता. मास्तरांसारखा लॉग घ्या आणि शेवटी एकदाच घात करा:

```python
print(math.exp(-r - n * math.log1p(-1/r)))
```

1.6493 येईल. (1 + लहान)ⁿ दिसलं की आधी लॉग, हे कागदावरही आणि यंत्रावरही.

---

पाऊसवेडी

केवढं काय काय झालं इथे! माझा दुसरा गोल राहिलाय पण. "म्हणून Sₙ प्रसामान्य आहे" यात काय चुकलं? एमजीएफ सारखी तर वितरण सारखं, हे प्रमेय आम्हाला शिकवलंय.

---

एप्सिलॉनराव

त्यात दोन चुका आहेत. पहिली भाषेची. मूळ X च प्रसामान्य नसतील तर कुठल्याही n ला Sₙ प्रसामान्य नसतो, त्याचं वितरण प्रसामान्याकडे जातं. चार नाण्यांची बेरीज पाचच किंमती घेऊ शकते, ती प्रसामान्य कशी असेल?

दुसरी चूक खोल आहे. तू म्हणतेस ते प्रमेय एकमेवतेचं, दोन वितरणांची एमजीएफ सारखी तर वितरणं सारखी. इथे एमजीएफ सारखी कुठे आहे? ती सारखी होत चालली आहे. जवळ जाणाऱ्या एमजीएफवरून जवळ जाणाऱ्या वितरणावर उडी मारायला वेगळं प्रमेय लागतं, सातत्याचं. कर्टिसने १९४२ मध्ये एमजीएफसाठी ते मांडलं. शून्याच्या आसपासच्या एका अंतरालात प्रत्येक t ला M_Sn(t) एखाद्या वितरणाच्या एमजीएफकडे जात असेल तर वितरणंही त्या वितरणाकडे जातात. परीक्षेत निदान हे नाव घेऊन "या प्रमेयानुसार" लिहिलं असतं तरी दोन गुण वाचले असते.

---

पाऊसवेडी

पण हे खरं का आहे? नुसतं नाव घेतलं तर मी परत पाठच करतेय असं वाटेल.

---

एप्सिलॉनराव

पूर्ण सिद्धता इथे नको, पण गाभा सांगतो. धोका असा असतो, की n वाढत असताना वितरणाचा थोडा भाग हळूच अनंताकडे पळून जाईल आणि सीमेत सापडणारच नाही. एमजीएफ ते होऊ देत नाही. मार्कोव्हच्या असमतेने

```
P(Sn > a) ≤ e^(−a) · M_Sn(1)
```

मास्तरांच्या उदाहरणात n = 9 पासून पुढे M_Sn(1) दोनच्या खाली आहे. म्हणजे n कितीही घ्या, पाचच्या पलीकडे जास्तीत जास्त 2e^(−5), साधारण 1.3 टक्के. एकच कुंपण सगळ्या n ना. डावीकडे t = −1 घेऊन तसंच कुंपण. आता कोणीही पळू शकत नाही, म्हणून कुठलीही उपक्रमिका काढा, तिच्यातून एखाद्या वितरणाकडे जाणारी आणखी बारीक उपक्रमिका निघतेच. त्या वितरणाची एमजीएफ e^(t²/2) च असावी लागते. आणि आता तुझं एकमेवतेचं प्रमेय लागतं. ज्याची एमजीएफ ही, ते एकच, प्रसामान्य. सगळ्या वाटा एकाच गावाला जातात म्हटल्यावर मूळ क्रमिकाही तिथेच.

---

विम्याची_ताई

एक शंका. एमजीएफऐवजी सगळी परिबलं प्रसामान्याच्या परिबलांकडे जातात एवढं दाखवलं तर? आमच्या अभ्यासक्रमात तसं काहीतरी होतं.

---

एप्सिलॉनराव

सीमा प्रसामान्य असेल तर चालतं. चेबिशेव्हची वाट तीच होती. पण ते प्रसामान्याच्या कृपेने, कारण त्याची परिबलं त्याला एकट्यालाच लागू पडतात. तुमच्या लॉगनॉर्मलची तशी नाहीत. अगदी तीच परिबलं असलेली दुसरी वितरणंही आहेत. तिथे परिबलांवर भरवसा ठेवून "म्हणून" लिहिलं तर तोही लाल गोल.

---

निवृत्त_मास्तर

रावांशी मी एका बाबतीत असहमत. तुम्ही म्हणाल कॅरॅक्टरिस्टिक फंक्शननेच शिकवावं, एमजीएफ कशाला. मी तीस वर्षं पहिल्या वर्षाला एमजीएफने शिकवलं. i आला की निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागतो. √n कुठून आला आणि t³ का गेला हे एकदा डोक्यात बसलं की i नंतर घालता येतो.

---

एप्सिलॉनराव

आणि मग विम्यातले ज्येष्ठ सहकारी तयार होतात, "एमजीएफ नाही तर सीएलटी नाही" म्हणणारे. 🙂 राहू दे, हा वाद या धाग्यात मिटायचा नाही.

---

गोठ्यातला_माणूस

मास्तर, भाच्याने केलं. पन्नास चिठ्ठ्या, हजार वेळा. घंटा आली! पण उजवी बाजू जरा लोंबतेय. दोनशे चिठ्ठ्या केल्या तर लोंबणं कमी झालं, गेलं नाही. मोठे गोठेवाले सरासरीतसुद्धा आपली जागा सोडत नाहीत.

आता एक विचारू? चिठ्ठ्यांऐवजी रोजचं एकूण दूध घेतलं तर? तेही चारशे जणांची बेरीजच. पण पावसाळ्यात चिखल झाला, चारा ओला झाला की सगळ्यांचंच एकदम कमी होतं.

---

निवृत्त_मास्तर

मग ते स्वतंत्र राहिले नाहीत, आणि पाऊसवेडीची दुसरी ओळच मोडली. [M_Z(t/√n)]ⁿ हा गुणाकार स्वातंत्र्यातून येतो. पाऊस सगळ्यांना एकदमच भिजवत असेल तर चारशेच्या जागी चार हजार शेतकरी घेऊनही तो उतार-चढाव सरासरीत विरणार नाही. हंगाम वेगळा काढून उरलेल्याचं बघता येईल. पण उरलेलं तरी कितपत स्वतंत्र, ते तुमच्या गावालाच माहीत.

---

खमंग_काकडी

कोपऱ्यात बसून मला एवढं कळलं की पाऊस वाईट. धागाकर्तीचं नाव बघता हे तिला कसं सांगायचं?

---

पाऊसवेडी

😄 आज मॅडमना भेटले. लॉगवाली वाट फळ्यावर करून दाखवली, त्या हसल्या. सातत्याचं प्रमेय कुंपणासकट सांगितलं. गुण काही वाढवले नाहीत, म्हणाल्या पेपर बंद झाला. मग जाता जाता विचारलं, "कुंपणाला तू t = 1 आणि t = −1 दोन्ही घेतलेस. समजा M_Sn(t) ची सीमा फक्त धन t साठीच माहीत आहे, शून्याच्या डावीकडचं काहीच माहीत नाही. तरी चालेल का?"

मी म्हटलं नाही चालणार, डावीकडून पळून जाईल. त्यांनी फक्त भुवया उंचावल्या. एप्सिलॉनराव, आहात का?

---

एप्सिलॉनराव

आहे. तुझं उत्तर मला लगेच पटत नाहीये. डावीकडे पळालेल्या भागाचा e^(tX) मध्ये वाटा जवळपास शून्य, म्हणजे तेवढी सीमेत तूट पडायला हवी. आणि t शून्याकडे नेला तर e^(t²/2) एककडे जातं, तूट दिसत नाही. कागद घेऊन बसतो, रात्री लिहितो.